चार प्रश्न आणि एक छापील किंमत

पॅकबंद खाद्यपदार्थ बाजारात आणणाऱ्याला एक निर्णय फार लवकर घ्यावा लागतो. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसह छापणं कायद्याने बंधनकारक आहे. भाजीवाल्याला सकाळचा भाव संध्याकाळी उतरवता येतो. बाटलीवरचं लेबल हजारोंच्या संख्येने छापून आलं की त्यावरचा आकडा वाढवता येत नाही आणि कमी केला तर आधी पूर्ण भावाने घेतलेलं गिऱ्हाईक नाराज होतं. त्यामुळे भावाचा विचार छापखान्यात जाण्याआधी व्हायला हवा. नेमकं त्याच वेळी हातात विक्रीचा कुठलाच आकडा नसतो, कारण माल अजून विकलेला नसतो.

अशा वेळी बहुतेक नवे उद्योजक दोनपैकी एक वाट धरतात. काही जण खर्चावर नफा चढवतात आणि येईल तो आकडा छापतात. काही जण शेजारच्या बाटलीचा भाव बघून त्याहून दोन रुपये कमी लावतात. पहिल्या वाटेत गिऱ्हाईक कुठेच नाही. दुसऱ्या वाटेत गिऱ्हाईक आहे, पण ते दुसऱ्याच्या मालाचं. आपल्या मालाबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात कुठला भाव आहे, हे विचारण्याची एक साधी पद्धत गेली जवळजवळ पन्नास वर्षं बाजार-संशोधनात वापरली जाते. तिच्यात प्रश्न फक्त चार आहेत. मात्र ते चुकीच्या माणसाला, चुकीच्या शब्दांत विचारले किंवा त्यांच्या उत्तरांतून नको तो अर्थ काढला, तर ती पद्धत खर्चावर नफा चढवण्यापेक्षाही जास्त दिशाभूल करते.

‘किती द्याल?’ हा प्रश्न का चालत नाही

सरळ प्रश्न असा सुचतो: ‘या पेयाचे तुम्ही किती पैसे द्याल?’ पण हा प्रश्न ऐकताच आपल्यातला घासाघीस करणारा माणूस जागा होतो. आपण कमी सांगितलं तर भाव कमी लागेल, असं त्याला वाटतं आणि तो मुद्दाम हात आखडता घेतो. शिवाय नव्या वस्तूचा एकच एक भाव कोणाच्याही मनात नसतो. मनात असतो तो एक पट्टा. त्याच्या वरच्या टोकापलीकडे वस्तू परवडत नाही आणि खालच्या टोकाखाली तिच्यावर विश्वास बसत नाही.

खालचं टोक असतं, हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. भाव कमी म्हणजे खप जास्त, हे शाळेतल्या अर्थशास्त्रात ठीक आहे. पण ज्या वस्तूचा दर्जा डोळ्यांना दिसत नाही, तिथे माणूस भावावरूनच दर्जा ताडतो. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ झाँ स्टोट्झेल यांनी 1950च्या दशकात हा विचार मांडला होता, की किंमत ही गिऱ्हाइकाच्या लेखी वरून आणि खालून, दोन्हीकडून मर्यादा घालते. आपल्याकडे टाटांच्या नॅनो गाडीचं उदाहरण ताजं आहे. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ अशी तिची ओळख होणं ही चूक ठरली, असं रतन टाटा यांनी स्वतः पुढे जाहीरपणे म्हटलं होतं. पोटात जाणाऱ्या वस्तूबद्दल हा संशय अधिकच तीव्र असतो. पौष्टिक म्हणून विकलं जाणारं पेय अगदीच स्वस्त असेल, तर त्यात साखर आणि पाणीच जास्त असणार, असं घरातली जाणती बाई लगेच म्हणते.

डच अर्थतज्ज्ञ पीटर व्हॅन वेस्टेंडॉर्प यांनी 1976मध्ये, एसोमार या संशोधकांच्या संघटनेच्या परिषदेत, या दोन्ही टोकांना हात घालणारी पद्धत मांडली. किंमत-संवेदनशीलता मापक या अर्थाचं नाव त्यांनी तिला दिलं. गिऱ्हाइकाला एक आकडा विचारण्याऐवजी त्यांनी चार आकडे विचारले.

चार प्रश्न

पद्धत समजून घ्यायला एक कल्पित उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाला नाचणीचं आंबील 200 मिलिलिटरच्या बाटलीत भरून शहरात विकायचं आहे, असं धरू. आंबील त्या भागात उन्हाळ्यात घरोघरी होतं. पण बाटलीतलं, थंडगार, दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं आंबील ही गिऱ्हाइकासाठी नवी वस्तू आहे. तिचा भाव काय असावा, याची ठरलेली कल्पना कोणाकडेच नाही. पुढे येणारे आकडे हे उदाहरण समजावं म्हणून घेतलेले आहेत.

प्रश्न विचारण्याआधी वस्तू नीट समोर ठेवावी लागते. ‘नाचणीचं पौष्टिक पेय’ एवढंच सांगितलं, तर एकाच्या डोळ्यांसमोर दुधात कालवायची पावडर येते, दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी बाटली. प्रत्येक जण वेगळ्या वस्तूचा भाव सांगतो आणि त्या आकड्यांची बेरीज निरर्थक होते. म्हणून बाटली हातात द्यायची, घोटभर चव द्यायची आणि एका कागदावर साध्या भाषेत लिहिलेलं दाखवायचं: 200 मिलिलिटर, नाचणी, ताक, जिरं, मीठ, साखर नाही, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, इतक्या दिवसांत संपवायचं. त्या कागदावर ‘हेल्थ ड्रिंक’ हा शब्द टाळलेलाच बरा. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा वर्गाची व्याख्याच नाही. एप्रिल 2024मध्ये सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली, त्यामागे हेच कारण होतं. सर्वेक्षणाच्या दृष्टीनेही तो शब्द घातक आहे. त्याने लोक आकडा चढवून सांगतात आणि उद्या लेबलवर तो शब्द छापता आला नाही, तर तो चढलेला आकडा हाती राहत नाही.

मग चार प्रश्न:

एक, ही बाटली किती रुपयांना असली तर तुम्हाला इतकी महाग वाटेल की तुम्ही ती घेणारच नाही?

दोन, किती रुपयांपासून ती महाग वाटायला लागेल, पण तरी विचार करून तुम्ही घ्याल?

तीन, किती रुपयांना मिळाली तर ‘चांगली स्वस्तात मिळाली’ असं वाटेल?

चार, किती कमी भाव असला तर ‘एवढ्या स्वस्तात देतात म्हणजे यात काहीतरी गडबड आहे’ असं वाटून तुम्ही ती घेणार नाही?

उत्तर म्हणून रुपयांचा आकडा हवा, जो गिऱ्हाईक स्वतः सांगेल. विचारणाऱ्याने आकडे सुचवायचे नाहीत. इथेच सवय आड येते. एका सहकारी भांडाराच्या दाराशी असा संवाद होतो, असं समजा.

‘काकू, ही बाटली किती रुपयांपासून महाग वाटायला लागेल?’

‘तुम्ही कितीला देणार, ते आधी सांगा ना.’

‘भाव अजून ठरलेलाच नाही. तुम्हाला काय वाटतं, तेच विचारायला आलेय.’

‘पस्तीस म्हटलं तर महागच. पण नातवासाठी एखादी घेईन.’

‘आणि किती झाली की घेणारच नाही?’

‘पन्नास. पन्नासला कोण घेतंय? घरी करीन.’

‘आणि स्वस्तात मिळाली असं कधी वाटेल?’

‘पंचवीसला.’

‘आणि किती कमी असली तर शंका येईल?’

‘स्वस्त मिळाल्यावर शंका कसली येतेय?’

‘म्हणजे बाटलीत नाचणी खरंच आहे का, ताक कुठलं, असं मनात कधी येईल?’

‘हां, तसं होय. पंधराला द्यायला लागले तर म्हणेन, नाचणी दाखवायला आणि बाकी पाणीच.’

चौथा प्रश्न नेहमी असाच अडतो. प्रश्न नुसता वाचून दाखवला तर बरेच जण ‘जितकं स्वस्त तितकं चांगलं’ म्हणून मोकळे होतात. शंका म्हणजे कसली शंका, हे समजावून सांगितलं की आकडा येतो. पण समजावतानाही ‘दहा रुपयांना असली तर?’ असं म्हणायचं नाही. म्हटलं, तर दिवसभर सगळ्यांच्या उत्तरात दहाच येतात.

काकूंचे चार आकडे असे पडले: 15, 25, 35, 50. हे चढत्या क्रमाने आहेत, म्हणून उत्तर धरायचं. कोणी ‘स्वस्त 30ला, महाग 25ला’ असं सांगितलं, तर त्याला प्रश्न कळलेला नाही, किंवा तो कंटाळून काहीही सांगतो आहे. तिथल्या तिथे एकदा पुन्हा विचारायचं. तरीही क्रम उलटाच राहिला, तर ते उत्तर बाजूला काढायचं. अशी उलटी उत्तरं किती निघाली, याची नोंद ठेवणं महत्त्वाचं आहे. ती अधूनमधून एखादी असली तर चालतं. दर चार-पाच माणसांमागे एक निघू लागली, तर दोष माणसांचा नाही, प्रश्नांच्या शब्दांचा किंवा विचारणाऱ्याचा आहे. अशा वेळी काम थांबवून शब्द बदलावेत.

आकडे मांडायचे कसे

आता शंभर जणांची धड उत्तरं हाती आली, असं धरू. खऱ्या कामात दोनशे-तीनशे तरी असावीत, पण शंभर घेतले की हिशेब सरळ टक्क्यांत होतो. यातलं गणित सोपं आहे, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायची: प्रत्येक उत्तर एका भावापुरतं नसतं. काकूंना बाटली 25ला स्वस्त वाटते, म्हणजे 20लाही स्वस्तच वाटणार. त्यांना ती 35ला महाग वाटते, म्हणजे 40लाही महागच. म्हणून ‘स्वस्त’ आणि ‘फारच स्वस्त’ ही उत्तरं मोठ्या भावाकडून लहान भावाकडे साठत जातात, तर ‘महाग’ आणि ‘फारच महाग’ ही लहान भावाकडून मोठ्याकडे. प्रत्येक भावापुढे किती जण काय म्हणतात, ते असं मांडता येतं:

| भाव (रुपये) | फारच स्वस्त | स्वस्त | महाग | फारच महाग |
|---|---|---|---|---|
| 15 | 52 | 92 | 2 | 0 |
| 20 | 24 | 76 | 6 | 1 |
| 25 | 10 | 55 | 16 | 4 |
| 30 | 4 | 35 | 35 | 10 |
| 35 | 1 | 18 | 50 | 17 |
| 40 | 0 | 10 | 70 | 30 |
| 45 | 0 | 5 | 80 | 42 |

हेच आकडे आलेख-कागदावर मांडले, आडवा भाव आणि उभे लोक, तर दोन रेषा उतरताना आणि दोन चढताना दिसतात. त्या एकमेकींना कुठे छेदतात, त्यावरून भावाचा पट्टा ठरतो.

आधी खालचं टोक पाहू. 20 रुपयांच्या ओळीत 24 जणांना बाटली संशय यावा इतकी स्वस्त वाटते. त्याच ओळीत 76 जण तिला स्वस्त म्हणतात, म्हणजे उरलेल्या 24 जणांना ती आता स्वस्त वाटत नाही. दोन्ही आकडे सारखे झाले. भाव 20च्या खाली नेला, तर संशय घेणारे वाढतात आणि ‘स्वस्त नाही’ म्हणणारे कमी होतात. म्हणजे भाव कमी करून जितक्यांना खूश करू, त्याहून जास्त लोकांच्या मनात शंका पेरू. म्हणून 20 रुपये हा तळ.

वरचं टोक तसंच काढायचं. 40 रुपयांच्या ओळीत 70 जण महाग म्हणतात, म्हणजे 30 जणांना अजून महाग वाटत नाही. त्याच भावाला 30 जणांनी ‘घेणारच नाही’ असं म्हटलं आहे. इथून वर गेलं, की बाटली साफ नाकारणारे हे तिला महाग न मानणाऱ्यांपेक्षा जास्त होतात. म्हणून 40 रुपये हा माथा. 20 ते 40 हा या बाटलीचा स्वीकारार्ह पट्टा झाला.

पट्ट्याच्या आत आणखी दोन छेद मिळतात. 30 रुपयांना स्वस्त म्हणणारे 35 आणि महाग म्हणणारेही 35. दोन्ही बाजू समसमान आहेत. गिऱ्हाइकाच्या मनात ज्या भावाला ‘नेहमीचा भाव’ अशी जागा आहे, तो साधारण हाच. दुसरा छेद संशय घेणाऱ्यांचा आणि नाकारणाऱ्यांचा. 25 रुपयांना 10 जण संशय घेतात आणि 4 जण नाकारतात. 30ला हे आकडे नेमके उलटे होतात. मधोमध, साडेसत्तावीस रुपयांच्या आसपास, दोन्ही बाजूंना सुमारे 7 जण राहतात. दोन्ही टोकांचा विरोध मिळून सर्वांत कमी असतो, तो भाव हा. पाठ्यपुस्तकांत याला ‘इष्टतम किंमत’ म्हणतात.

‘इष्टतम’ कोणासाठी?

या पद्धतीच्या वापरातली सर्वांत महागडी चूक इथे होते. ‘इष्टतम’ हा शब्द अहवालात दिसला, की 28 रुपये छापायला निघतात. पण या भावाला बाटली सर्वांत जास्त खपेल, असं त्या छेदाने कुठेही सांगितलेलं नाही. सर्वांत जास्त नफा होईल, असंही नाही. विरोध सर्वांत कमी होईल, एवढंच तो सांगतो. विरोध न करणारा माणूस बाटली घेईलच, असं नाही. त्या चार प्रश्नांत ‘घ्याल का?’ हा प्रश्न कुठेच नव्हता.

आणि गटाचा खर्च तर कोणी विचारलेलाच नाही. नाचणी, ताक, बाटली, झाकण, लेबल, मजुरी, वीज असं सगळं धरून एक बाटली 19 रुपयांना पडते, असं समजू. छापील किमतीतला साधारण तिसरा हिस्सा दुकानदाराचं आणि वितरकाचं कमिशन, कर आणि वाहतूक यांत जातो, असं धरू. 28 रुपये छापले तर गटाच्या हाती 18 रुपये 67 पैसे येतात, म्हणजे प्रत्येक बाटलीमागे तोटा. 30 छापले तर 20 रुपये येतात आणि एक रुपया सुटतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ‘इष्टतम’ असलेला भाव गटाला बुडवणारा आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी न्यूटन, मिलर आणि स्मिथ या तिघांनी 1993मध्ये या चार प्रश्नांना दोन प्रश्न जोडले. गिऱ्हाइकाने स्वतः सांगितलेला ‘स्वस्त’ भाव आणि ‘महाग’ भाव घेऊन विचारायचं: या भावाला ही बाटली तुम्ही घ्याल, याची शक्यता किती? उत्तराला पाच पायऱ्या: नक्की घेईन, बहुधा घेईन, सांगता येत नाही, बहुधा नाही, मुळीच नाही. इथेही लोक बोलतात त्यापेक्षा कमी घेतात, हा अनुभव आहे. म्हणून ‘नक्की’ म्हणणाऱ्या शंभरांतले सत्तरच येतील, ‘बहुधा’ म्हणणाऱ्यांतले निम्मे, अशी कात्री लावून हिशेब करतात. ती किती लावायची, हे ज्या त्या मालाच्या अनुभवावरून ठरतं.

आपल्या उदाहरणात असा हिशेब केल्यावर शंभरांपैकी 30 रुपयांना 30 जण, 35 रुपयांना 25 जण आणि 40 रुपयांना 12 जण घेतील असं निघालं, असं मानू. 35 छापले तर गटाच्या हाती 23 रुपये 33 पैसे येतात आणि बाटलीमागे 4 रुपये 33 पैसे सुटतात. 40 छापले तर 7 रुपये 67 पैसे सुटतात. आता गुणाकार करू. 30 रुपयांना एकूण 30 रुपये नफा, 35 रुपयांना सुमारे 108, 40 रुपयांना सुमारे 92. पाच रुपये वाढवल्याने गिऱ्हाईक थोडं घटलं, पण नफा तिपटीहून जास्त झाला. आणखी पाच वाढवल्यावर मात्र गिऱ्हाईक निम्म्याहून खाली आलं आणि नफाही उतरला. या गटाने 35 रुपये छापावेत. तो भाव पट्ट्याच्या आत आहे, नेहमीच्या भावापेक्षा थोडा वर आहे आणि त्यात खर्च भागतो.

35 रुपयांना 17 जण ‘घेणारच नाही’ म्हणत आहेत, हे विसरू नये. ते गिऱ्हाईक सोडायचं, असा त्या भावाचा अर्थ आहे. भाव ठरवणं म्हणजे कोणाला सोडायचं, हेही ठरवणं.

कुठे फसतं आणि कसं ओळखायचं

पहिला फसवा प्रकार म्हणजे दोन वेगळी गिऱ्हाइकं एकाच थैलीत घालणं. समजा, शंभरांतले साठ जण घरासाठी खरेदी करणारे आहेत आणि चाळीस जण व्यायामशाळेतून बाहेर पडणारे तरुण. घरातल्यांचा पट्टा 18 ते 30, तरुणांचा 30 ते 50. तरुण प्रथिनांच्या महागड्या पेयांशी तुलना करतात, घरातले ताकाच्या पाकिटाशी. दोघांना एकत्र मोजलं तर मधोमध 30 रुपयांचा सुबक छेद मिळतो. पण तो एकासाठी माथा आहे आणि दुसऱ्यासाठी तळ. ज्याला हा भाव मनापासून योग्य वाटतो, असा माणूस त्या शंभरांत फारसा सापडणारच नाही. हे ओळखायला आलेख पुरत नाही. मूळ उत्तरांकडे परत जावं लागतं. ‘महाग’ या प्रश्नाच्या उत्तरांचे दोन वेगळे ढीग दिसले, एक 30जवळ आणि एक 50जवळ, तर दोन आलेख काढायचे आणि एकच गिऱ्हाईक निवडायचं, किंवा दोन वेगळे पॅक करायचे.

दुसरा प्रकार आपल्या सवयीचा आहे. आपण भावाचा विचार 10, 20, 50 अशा सोप्या आकड्यांत करतो, कारण खिशातली नाणी आणि नोटा त्या आहेत. त्यामुळे रेषा सरळ न उतरता जिन्यासारख्या पायऱ्या घेतात. अशा वेळी छेद 27 रुपये 50 पैशांवर आला की 28 रुपयांवर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो छेद दोन पायऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत पडलेला असतो. त्याचा अर्थ एवढाच की 25 आणि 30 यांच्यात निवड करायची आहे.

तिसरी मर्यादा खुद्द पद्धतीतच आहे. ती गिऱ्हाइकाला एका बाटलीसमोर एकटं उभं करते. दुकानात मात्र त्या फ्रिजमध्ये शेजारी ताक, लस्सी, नारळपाणी आणि शीतपेयं असतात. प्रत्येकाचा भाव डोळ्यांसमोर असतो. घरी बसून 35 रुपये ठीक वाटलेल्या माणसाला शेजारी निम्म्या किमतीत ताक दिसलं, की त्याचं मत बदलू शकतं. ज्या वस्तूला बाजारात जवळची जोडी आहे, तिथे या चार प्रश्नांपेक्षा वेगवेगळ्या बाटल्या वेगवेगळ्या भावांसह समोर मांडून ‘यातली कुठली घ्याल?’ विचारणारी पद्धत जास्त खरी ठरते. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम इथे आंद्रे गॅबर आणि क्लाइव्ह ग्रेंजर यांनी 1960च्या दशकात बांधलेली, एकेक ठरावीक भाव सांगून ‘घ्याल की नाही?’ विचारणारी पद्धतही भाव जवळपास ठरल्यावर उपयोगी पडते. चार प्रश्न त्याआधी विचारायचे असतात, भावाचा अंदाजच नसताना.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित: कोणाला विचारलं? ज्यांनी अशी वस्तू कधी विकत घेतली नाही आणि घेणारही नाहीत, त्यांच्या मनात भावाची मोजपट्टीच नसते. ते चारही आकडे हवेतून काढतात. बचत गटातल्या बायांनी आपल्या नातेवाइकांना विचारलं, तर ते कौतुक म्हणून चढा भाव सांगतील. विचारण्याआधी दोन प्रश्न पुरतात: गेल्या महिन्यात तुम्ही बाटलीतलं किंवा पाकिटातलं कुठलंही पेय विकत घेतलं का? आणि घरात ही खरेदी कोण करतं? दोन्हींपैकी एकही उत्तर जुळलं नाही, तर आभार मानून पुढच्या माणसाकडे जायचं.

छापखान्यात जाण्याआधी

बचत गट असो, दूध संघ असो किंवा घरगुती उद्योग असो, या पद्धतीला फारसा पैसा लागत नाही. दोन-तीन मुली, चव बघायला पुरेशा बाटल्या, एका पानाचा नमुना आणि भांडारांच्या, बाजाराच्या, व्यायामशाळेच्या दाराशी चार-पाच संध्याकाळी एवढ्यात दोनशे उत्तरं जमतात. हिशेब वहीत किंवा संगणकावरच्या साध्या तक्त्यात होतो. त्यातून मिळतो तो पट्टा: याच्या खाली जाऊ नका, याच्या वर जाऊ नका. पट्ट्याच्या आतला नेमका आकडा खर्च ठरवतो, कोणतं गिऱ्हाईक हवं आहे ते ठरवतं आणि शेवटी खरी विक्री ठरवते.

म्हणून सर्वेक्षण संपल्यावर लगेच पन्नास हजार लेबलं छापू नका. पट्ट्यातले दोन भाव निवडा, थोडी थोडी लेबलं छापा, सारख्या वस्तीतल्या दोन दुकानांत महिनाभर दोन वेगळ्या भावांनी ठेवा आणि रोज किती बाटल्या गेल्या, याची नोंद करा. पहिली बाटली कुतूहलाने घेतली जाते. त्याच माणसाने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याच भावाला बाटली नेली, तर तोच भाव मोठ्या खेपेवर छापा.